जुन्या सर्वेक्षण-नोंदी न पुसता डिस्कवर जागा : फोल्डर दाबून साठवण्याचा हिशेब

खरीप ऐन भरात असताना संगणकाची डिस्क भरते, हा अनेक केंद्रांवरील आणि नोंदी ठेवणाऱ्या अनेक शेतकऱ्यांच्या घरचाही अनुभव आहे. डिस्कच्या नावाखालची पट्टी लाल होते, नवी फाइल जतन होत नाही, आणि हात आपसूक सर्वात जुन्या वर्षाच्या फोल्डरकडे वळतो. हे फोल्डर वर्षभरात कोणी उघडलेले नसते, म्हणून ते पुसून टाकावे असे वाटते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने नेमके हेच करू नये.

२००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा, विशेषतः स्पोडोप्टेराचा, मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला आणि प्लॉटनिहाय, आठवडानिहाय नोंदी नियमितपणे जमू लागल्या. मध्यवर्ती नोंदी सर्व्हरवर असतात. परंतु त्यांच्या स्थानिक प्रती, कामगंध सापळ्यांचे हाताने भरलेले तक्ते, हवामान केंद्राच्या फाइली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली छायाचित्रे ही आपापल्या संगणकावरच राहतात, आणि बहुधा इतरत्र कोठेही नसतात. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी सर्व गावांसाठी सारखीच आहे. मात्र आपल्या गावात ती पातळी कोणत्या आठवड्यात ओलांडली जाते, हे फक्त मागील वर्षांच्या नोंदीच सांगतात. २०१७ च्या हंगामातील नुकसानीनंतर या तुलनेची किती गरज भासली, हे कपाशीच्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा क्वचित उघडल्या जाणाऱ्या पण पुसू नयेत अशा फोल्डरांसाठी विंडोजमध्येच एक सोय आहे. फाइल जागच्या जागी, त्याच नावाने राहते, एक्सेलमध्ये नेहमीप्रमाणे उघडते, फक्त डिस्कवर कमी जागा घेते. ही सोय विनामूल्य आहे, पण तिची किंमत वेगात मोजावी लागते. ती किंमत केव्हा परवडते आणि केव्हा नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही सोय आत काय करते

विंडोजच्या डिस्क बहुधा एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत असतात. या व्यवस्थेत फाइल दाबून साठवण्याची, म्हणजे कॉम्प्रेशनची, सोय १९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासून आहे. झिप फाइलशी तिची गल्लत करू नये. झिप ही वेगळी पेटी असते. ती उघडून आतील फाइल बाहेर काढावी लागते. एनटीएफएसमधील कॉम्प्रेशन मात्र फाइल-व्यवस्थेच्या पोटात चालते. एक्सेल फाइल मागतो, तेव्हा विंडोज ती स्मृतीत उलगडून देते. ती आत दाबलेली आहे, हे एक्सेलला कळतही नाही.

डिस्कवरील जागा ठराविक आकाराच्या कप्प्यांत वाटलेली असते. या कप्प्यांना क्लस्टर म्हणतात आणि त्यांचा नेहमीचा आकार ४ केबी असतो. कॉम्प्रेशन करताना विंडोज फाइलचे सोळा-सोळा कप्प्यांचे, म्हणजे ६४ केबीचे, तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे दाबून पाहते. तुकडा दाबल्यावर निदान एक कप्पा वाचत असेल, तरच तो दाबलेल्या रूपात ठेवला जातो. अन्यथा तो जसाच्या तसा राहतो. हा एक नियम नीट ध्यानात घेतला, तर पुढील सर्व निर्णय त्यातून निघतात.

दाबण्याची युक्ती सोपी आहे. मजकुरात आधी येऊन गेलेला भाग पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जाऊन तेथून इतकी अक्षरे घ्या’ अशी खूण लिहायची. सर्वेक्षणाच्या सीएसव्ही फाइलमध्ये प्रत्येक ओळीत तोच जिल्हा, तोच तालुका, तेच पीक, आणि आकड्यांच्या रकान्यांत बहुतेक ठिकाणी शून्य असते. त्यामुळे या फाइली उत्तम दाबल्या जातात. मराठीत भरलेल्या नोंदींना तर दुप्पट लाभ होतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, उकार ही स्वतंत्र चिन्हे धरली, तर ‘नागपूर’ या शब्दात सहा चिन्हे होतात आणि तो अठरा बाइट घेतो. रोमन लिपीत तोच शब्द सहा बाइटांत मावतो. दहा हजार ओळींत हा शब्द दहा हजार वेळा येतो, आणि दाबताना तेच अठरा बाइट पुन्हा पुन्हा एका छोट्या खुणेत बसतात.

एक मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. एनटीएफएसची ही जुनी पद्धत पुनरावृत्ती शोधताना एका वेळी केवळ ४ केबीच्या पट्ट्यात पाहते. झिप याहून बरेच मागे पाहते. म्हणून तीच सीएसव्ही फाइल झिपमध्ये अधिक लहान होते. फाइल-व्यवस्थेतील कॉम्प्रेशनने जागेचा काही भाग सोडून वेग आणि सहजता पत्करलेली आहे.

जे डिस्क भरते, ते दबत नाही

आता त्रासाची बाब. आपल्या डिस्कवर सर्वाधिक जागा खाणाऱ्या फाइली सीएसव्ही नसतात. त्या छायाचित्रे आणि चित्रफिती असतात. उदाहरण म्हणून २०२० च्या मे महिन्यातील टोळधाडीचे फोल्डर घ्या. त्या दिवसांत वाळवंटी टोळांचे थवे जयपूर शहराच्या वस्त्यांवरून गेले आणि त्याच सुमारास ते आपल्याकडे अमरावती-नागपूरच्या संत्रापट्ट्यातही उतरले. मोबाइलवरून आलेल्या शेकडो चित्रफिती आणि फोटो अनेकांनी तेव्हा एका फोल्डरमध्ये टाकले आणि नंतर ते फोल्डर क्वचितच उघडले. क्वचित उघडले जाणारे, मोठे आणि पुसू नये असे हे फोल्डर असल्याने कॉम्प्रेशनसाठी आदर्श वाटते. प्रत्यक्षात त्यातून जवळजवळ काहीच वाचत नाही.

कारण उघड आहे. जेपीईजी फोटो आणि मोबाइलची चित्रफीत तयार होतानाच त्यांतील पुनरावृत्ती काढून टाकलेली असते. दाबलेल्या कापसाच्या गाठीवर पुन्हा दाब दिल्यासारखे ते आहे. विंडोज प्रत्येक ६४ केबीचा तुकडा दाबून पाहते, एकही कप्पा वाचत नाही असे पाहते आणि तुकडा तसाच ठेवते. वेळ जातो, जागा मिळत नाही. डॉक्स आणि एक्सएलएसएक्स फाइलींचेही तेच. एक्सेलची नवी फाइल ही मुळात एक झिप पेटीच असते. पीडीएफही बहुधा आतून दाबलेली असते. याउलट एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइली, अ‍ॅक्सेसचा जुना डेटाबेस, डीबीएफ फाइली, साध्या मजकुराच्या आणि सीएसव्ही फाइली, तसेच सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातून न दाबता जतन केलेली बीएमपी आणि टिफ छायाचित्रे यांत खरा लाभ असतो. टिफमध्ये तो लाभ मजकुराइतका मोठा नसतो, कारण कॅमेऱ्याच्या सूक्ष्म कणकणीमुळे शेजारचे दोन बिंदूही तंतोतंत सारखे नसतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पंख किंवा पाय मांडून घेतलेल्या चित्रांत तो अधिक, पानावरच्या अळीच्या चित्रांत कमी.

जुन्या एक्सएलएस फाइलींविषयी जाता जाता एक सूचना. त्या एक्सेलमध्ये उघडून नव्या स्वरूपात जतन केल्यास बहुधा कॉम्प्रेशनपेक्षा अधिक जागा वाचते. मात्र नवी फाइल तपासल्याशिवाय जुनी पुसू नये, आणि मॅक्रो असलेल्या फाइलींना हात लावू नये.

दुसरा फसवा वर्ग म्हणजे अतिशय लहान फाइली. स्वयंचलित हवामान नोंदक दररोज एक छोटी फाइल तयार करतो. समजा, ती अडीच केबीची आहे. डिस्कवर ती एक पूर्ण कप्पा, म्हणजे ४ केबी, व्यापते. दाबून ती एक केबीची झाली, तरी कप्पा एकच लागणार. म्हणून येथे कॉम्प्रेशनने काहीही वाचत नाही. वर्षाच्या ३६५ फाइलींनी मिळून १,४६० केबी जागा व्यापलेली राहते, जरी त्यांतील मजकूर जेमतेम ९१३ केबी असला तरी. येथे उपाय वेगळा आहे. त्या वर्षाच्या सर्व फाइली जोडून एकच फाइल करावी.

```
cd /d D:\Hawaman\2014
copy /b *.csv ..\2014.csv
```

यामुळे १,४६० केबीची जागा सुमारे ९१६ केबीवर येते. त्यानंतर ही एकत्र फाइल दाबली, तर ती आणखी निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे या प्रकारात निम्म्याहून अधिक बचत फाइली जोडल्याने होते, कॉम्प्रेशनने नव्हे. जोडताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीतील रकान्यांची शीर्षके ३६५ वेळा येतात, ती काढावी लागतात. आणि एखाद्या फाइलची शेवटची ओळ नव्या ओळीच्या खुणेविना संपत असेल, तर ती पुढील दिवसाच्या पहिल्या ओळीला चिकटते. ओळींची एकूण संख्या मोजून जुळली, तरच मूळ फाइली हलवाव्यात.

एका फोल्डरचा हिशेब

हिशेब कसा मांडावा, हे दाखवण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या घडणीचे फोल्डर घेऊ. D: वर `Sarvekshan` नावाचे ६२ जीबीचे फोल्डर आहे. त्यात ४८ जीबी फोटो आणि चित्रफिती, ६ जीबी एक्सएलएसएक्स, डॉक्स आणि पीडीएफ, ५ जीबी टिफ-बीएमपी, आणि ३ जीबी सीएसव्ही, डीबीएफ व जुन्या एक्सएलएस फाइली आहेत. मजकुराच्या फाइली निम्म्यावर येतील आणि टिफमधून एक तृतीयांश वाचेल असे धरू. तर बचत दीड जीबी अधिक सुमारे एक जीबी सातशे एमबी, म्हणजे जवळपास ३.२ जीबी होईल.

संपूर्ण फोल्डर दाबले, तर ६२ जीबीतून ३.२ जीबी, म्हणजे जेमतेम पाच टक्के वाचतील. त्यासाठी संगणक ५४ जीबी न दबणारा ऐवज निष्कारण वाचत-तपासत बसेल. तोच ऐवज दोन उपफोल्डरांत वेगळा काढून फक्त ८ जीबी दाबले, तरी बचत तीच ३.२ जीबी, पण आता ती चाळीस टक्के झाली. म्हणून कॉम्प्रेशनची पहिली पायरी कॉम्प्रेशन नव्हे, वर्गीकरण आहे.

आता खरा प्रश्न : ३.२ जीबीने काम भागते का? चालू हंगामाच्या नोंदी उतरवण्यापुरती जागा हवी असेल, तर भागते. वीस जीबी हवे असतील, तर भागत नाही. तेव्हा ४८ जीबीच्या चित्रफिती दुसऱ्या डिस्कवर हलवणे हाच मार्ग आहे आणि कॉम्प्रेशनच्या नादात तो लांबवू नये. माझा व्यक्तिगत दंडक असा की, चाचणीत चौथ्या भागापेक्षा कमी जागा वाचत असेल, तर त्या फोल्डरला हात लावू नये. हा शास्त्रीय नियम नव्हे. पण त्याखालील बचतीत मिळणारी जागा आणि लक्षात ठेवावी लागणारी पथ्ये यांचा मेळ बसत नाही.

चाचणी अगदी सोपी आहे. एका वर्षाच्या उपफोल्डरची प्रत काढावी. प्रतीवर उजवी कळ दाबून `Properties`, मग `Advanced`, आणि तेथे `Compress contents to save disk space` या चौकोनात खूण करावी. विचारल्यावर उपफोल्डर आणि फाइलींनाही लागू करावे. काम संपले, की पुन्हा `Properties` उघडून `Size` आणि `Size on disk` हे दोन आकडे पाहावेत. पहिला मजकुराचा खरा आकार, दुसरा डिस्कवर प्रत्यक्षात व्यापलेली जागा. बचत म्हणजे दोहोंतील फरक. `Size on disk` हा आकडा जवळजवळ `Size` इतकाच राहिला, तर फोल्डर न दबणारे आहे असे समजावे.

हेच काम आज्ञेनेही करता येते आणि मोठ्या फोल्डरसाठी ते अधिक सोयीचे पडते.

```
compact /c /s:"D:\Sarvekshan\Nondi" /i
```

शेवटी संगणक किती बाइटांचा ऐवज किती बाइटांत बसला ते सांगतो आणि `The compression ratio is 2.0 to 1` अशा ओळीने गुणोत्तर देतो. दोनास एक म्हणजे जागा निम्मी झाली. गुणोत्तर १.१ च्या आसपास असेल, तर पुन्हा उलगडून ठेवणे बरे. त्यासाठी `/c` ऐवजी `/u` लिहावे. उलगडताना मूळ आकाराइतकी रिकामी जागा लागते, हे आधीच पाहून घ्यावे. भारनियमनाच्या वेळी मध्येच वीज गेली आणि एखादी फाइल अर्धवट राहिल्याची शंका आली, तर तीच आज्ञा `/f` जोडून पुन्हा चालवावी. आधी दाबलेल्या फाइलीही ती नव्याने हाताळते.

वेग कोठे कमी होतो

वेगाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर वाचन हेच संथ काम असते. दाबलेली फाइल कमी कप्प्यांत असल्याने ती वाचायला कमी वेळ लागतो, आणि उलगडण्याचे काम प्रोसेसर पटकन करतो. म्हणून अशा संगणकावर मोठी सीएसव्ही उघडताना फरक जाणवत नाही, क्वचित ती किंचित लवकरही उघडते. एसएसडीवर चित्र उलटते. तेथे वाचन इतके जलद असते की उलगडण्याचा वेळच डोळ्यांत भरतो. पण वर्षातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या फाइलीसाठी काही क्षण अधिक लागले, तर ती किंमत नगण्य आहे.

खरी किंमत लिहिण्यात आहे. अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसमध्ये एका सापळ्याचा आकडा दुरुस्त केला, तर बदल काही बाइटांचा असतो. मात्र तो ज्या ६४ केबीच्या तुकड्यात आहे, तो पूर्ण तुकडा उलगडणे, बदलणे, पुन्हा दाबणे आणि पुन्हा लिहिणे भाग पडते. नवा दाबलेला तुकडा जुन्या जागेत मावला नाही, तर तो डिस्कवर दुसरीकडे जातो. रोज नोंदी भरल्या जाणारी फाइल अशा रीतीने शेकडो-हजारो तुकड्यांत विखुरली जाते. हार्ड डिस्कवर मग तीच फाइल उघडताना वाचणारा काटा जागोजाग फिरत राहतो. फाइल जतन करताना पूर्वी न होणारा विलंब, डिस्कचा दिवा सतत लुकलुकणे, आणि विंडोजच्या `Defragment and Optimize Drives` या साधनात `Analyze` केल्यावर विखुरलेपणाचा वाढलेला आकडा, ही याची लक्षणे आहेत. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिहिता येण्याजोग्या डेटाबेस फाइली दाबलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्यास मुभा नाही. त्यामागील एक कारण हेच.

यातून नियम निघतो तो हंगामाचा. चालू हंगामाची फाइल, जिच्यात दर आठवड्याला प्लॉटच्या नोंदी भरल्या जातात, ती कधीही दाबू नये. कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर नोंदी पूर्ण झाल्या, दुरुस्त्या संपल्या, की त्या वर्षाची फाइल दाबलेल्या फोल्डरमध्ये जावी. येथे एक बारकावा आहे. दाबलेल्या फोल्डरमध्ये नव्याने तयार केलेली किंवा कॉपी केलेली फाइल आपोआप दाबली जाते. परंतु त्याच डिस्कवरून केवळ हलवलेली फाइल आपली जुनी अवस्था टिकवू शकते. म्हणून हलवल्यानंतर आज्ञा पुन्हा एकदा चालवलेली बरी. नव्या विंडोजमध्ये दाबलेल्या फाइलीच्या चिन्हावर दोन छोटे निळे बाण दिसतात. ज्या फाइलीवर ते नसतील, ती राहून गेली असे समजावे.

पुन्हा कधीही न बदलणाऱ्या नोंदींसाठी

विंडोज १० पासून `compact` आज्ञेत आणखी एक पद्धत आली आहे. ती अधिक घट्ट दाबते. मूळ हेतू प्रोग्रामच्या फाइली लहान करण्याचा, पण ती कोणत्याही फाइलीला लागू पडते.

```
compact /c /s:"D:\Sarvekshan\2012" /i /exe:lzx
```

बंद झालेल्या वर्षांसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. दाबायला वेळ अधिक लागतो, म्हणून काम सायंकाळी लावून जावे. वाचताना मात्र त्रास जाणवत नाही. पण हिची पथ्ये वेगळी आहेत. हिच्यात दाबलेली फाइल बदलून जतन केली, की ती मुकाट्याने पूर्ण आकाराला परत येते. कोणतीही सूचना मिळत नाही. फोल्डरमध्ये नवी टाकलेली फाइल आपोआप दाबली जात नाही. निळे बाण दिसत नाहीत, म्हणून `Size on disk` पाहूनच खात्री करावी लागते. उलगडण्यासाठी `/u` सोबत `/exe:lzx` लिहावेच लागते. आणि अशी डिस्क विंडोज १० पूर्वीच्या संगणकाला जोडली, तर या फाइली उघडत नाहीत. ज्या केंद्रांवर अजून विंडोज ७ चालते, त्यांच्याशी डिस्कची देवाणघेवाण असेल, तर जुनीच पद्धत ठेवावी. एकाच फोल्डरवर दोन्ही पद्धती मिसळू नयेत. बदलायचे असल्यास आधी उलगडून मगच दुसरी लावावी.

जेथे ही सोय वापरूच नये

पूर्ण डिस्क दाबण्याचा मोह विंडोजच निर्माण करते. डिस्कच्या `Properties` मध्ये `Compress this drive to save disk space` असा चौकोन असतो. C: वर तो कधीही निवडू नये. जुन्या संगणकांत असे केल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू होताना काळ्या पडद्यावर `BOOTMGR is compressed` असा संदेश येतो आणि यंत्र पुढे जात नाही. सुरुवातीचा तो लहानसा प्रोग्राम एनटीएफएसचे कॉम्प्रेशन उलगडणारी यंत्रणा सुरू होण्याआधीच वाचला जातो, म्हणून तो दाबलेला असला की सारे अडते. दुरुस्तीसाठी विंडोजची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लागतो, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी हंगामात मिळेलच असे नाही.

कूटबद्ध केलेल्या फाइलींना ही सोय लागू होत नाही. एनटीएफएसमध्ये एक फाइल एकतर कूटबद्ध असते किंवा दाबलेली, दोन्ही एकाच वेळी नाही. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट स्वरूपात असतात. त्यांच्यावर हा पर्याय दिसतच नाही.

आणि शेवटी राखीव प्रतीचा मुद्दा, ज्यावर बहुतेकांची गणिते चुकतात. दाबलेली फाइल बाहेर नेताना ती उलगडूनच जाते. ईमेलला जोडली, पेनड्राइव्हवर टाकली, तर मूळ आकाराने जाते. आपल्या उदाहरणातील ८ जीबीचे दाबलेले फोल्डर D: वर ४.८ जीबी व्यापते, पण एक्सफॅट स्वरूपाच्या बाह्य डिस्कवर त्याची प्रत ८ जीबीच घेईल. म्हणून बाह्य डिस्क विकत घेताना `Size on disk` नव्हे, तर `Size` हा आकडा धरावा. बाह्य डिस्क एनटीएफएसमध्ये असेल, तर तीवर आधी एक दाबलेले फोल्डर तयार करून त्यात प्रत टाकावी. ती तेथे पोचताच आपोआप दाबली जाईल. कोणतेही फोल्डर प्रथमच दाबण्यापूर्वी अशी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असावी, आणि ती दोन-चार फाइली उघडून तपासलेली असावी. २०१२ च्या सापळ्यांचा तक्ता हरवला, तर तो हंगाम पुन्हा मोजता येत नाही.